दुसरा प्रश्न



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे मी उमेदवारीच्या काळात बसत असे. मी वकील झाले नाही, विवाह समुपदेशनाकडे वळले. पण त्यांची एक शिस्त मी उचलली आणि ती आजही सोडलेली नाही. आलेला माणूस पहिलं वाक्य काय बोलतो ते जसंच्या तसं लिहून ठेवायचं. पुढे तो सावरून बोलतो, कुणी शिकवलेलं बोलतो, पण पहिलं वाक्य त्याचं स्वतःचं असतं.

माझ्या वह्यांमध्ये जे पहिलं वाक्य वरचेवर येतं ते असं : "मॅडम, तसं काही झालेलं नाही."

आजचा विषय त्या वाक्याचा आहे. मारहाण झालेली नाही, तिसरं माणूस सापडलेलं नाही, आवाजही चढलेला नाही. तरीही समोर बसलेल्या माणसाला पक्कं जाणवतंय की आपला जोडीदार हळूहळू आपल्यापासून लांब चाललाय. कायद्याला या अवस्थेचं काय करावं ते कळत नाही, आणि त्यात कायद्याचा दोष नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातलं तेरावं कलम वाचा : व्यभिचार, क्रूरता, सलग दोन वर्षांचा परित्याग. यातली प्रत्येक गोष्ट तारीख-वार सांगता येते. एकाच घरात, एकाच ताटलीतून पोहे खात दूर जाणाऱ्या माणसाविरुद्ध तारीख कुठली सांगणार? वकील विचारतात, "काय घडलं?" आणि माणूस गप्प बसतो, कारण घडलेलं काही नसतं. घडायचं ते घडेनासं झालेलं असतं.

तर, काय घडेनासं होतं? ते नेमकं कसं ओळखायचं? आणि ओळखल्यावर लोक जे करतात त्याने गोष्टी बहुधा का बिघडतात? मी आज एका घराच्या आधाराने बोलणार आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेले आहेत, दोन-तीन घरांचं त्यात मिश्रण आहे.

तो चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात. ती बँकेत. चिंचवडला फ्लॅट, लग्नाला बारा वर्षं, मुलगी पाचवीत. तो एकटाच आला होता. ते नेहमीचं पहिलं वाक्य झाल्यावर म्हणाला, "ती चांगली वागते. घर बघते, आईचं बघते. पण तिला माझ्याबद्दल काही जाणूनच घ्यायचं नाहीये असं वाटतं." मी म्हटलं, एक दिवस सांगा. फक्त एक.

त्याने ऑडिटचा दिवस सांगितला. मोठ्या गिऱ्हाईक कंपनीची माणसं वर्षातून एकदा कारखाना तपासायला येतात. पूर्वी हे ऑडिट म्हणजे दोघांचंही असायचं. कोण येणार, कोण मोजमापाच्या उपकरणांचे दाखले मागतो, कोण चहाच्या वेळीसुद्धा प्रश्न विचारतो, हे तिला पाठ असायचं. तो दारात शिरताक्षणी ती विचारायची, "त्या टकल्याने या वेळी काय काढलं?" या वर्षी आदल्या रात्री त्याने सांगितलं, "उद्या ऑडिट आहे." ती म्हणाली, "बरं. मग डबा लवकर लागेल ना?" दुसऱ्या दिवशी रात्री नऊला तो घरी आला. जेवण गरम होतं. ती म्हणाली, "उशीर झाला. ट्रॅफिक होतं का?" तो हो म्हणाला. मग तो थांबला. ताट संपेपर्यंत थांबला. तिने मुलीच्या वहीवर कव्हर घातलं, ओटा पुसला, मोबाईल चार्जिंगला लावला आणि झोपायला गेली.

"एवढंच," तो म्हणाला. आपण काही फार क्षुल्लक सांगितलं की काय, अशी त्याची मुद्रा झाली होती.

ते क्षुल्लक नव्हतं. नीट पाहा, त्या दिवशी तिने प्रश्न विचारले नव्हते असं नाही. डब्याचा विचारला, ट्रॅफिकचा विचारला. घरातले प्रश्न कधी संपत नसतात. दळण टाकलं का, गॅस नोंदवला का, फी भरली का, आईंच्या गोळ्या आणल्या का. दोघांत कितीही अंतर पडलं तरी हे प्रश्न चालू राहतात, कारण ते घर चालवतात. म्हणूनच बाहेरच्यांना काही जाणवत नाही, आणि घरातल्या माणसालाही वाटतं की आपणच उगाच मनाला लावून घेतोय. पण या प्रश्नांची उत्तरं तिसरं कुणीही देऊ शकतं. दळण टाकलं की नाही हे शेजारीणही सांगेल. ज्याचं उत्तर जगात फक्त त्या एका माणसाकडे आहे असा प्रश्न, म्हणजे तुला आज तिथे काय वाटलं, तू मग काय म्हणालास, तुला अजून त्याचा राग आहे का, हा प्रश्न वेगळा. तो आटतो, आणि घराचे प्रश्न तसेच वाहत राहतात.

त्यातही मी जास्त लक्ष ठेवते ते दुसऱ्या प्रश्नावर. पहिला प्रश्न सवयीचा असू शकतो. "कसा गेला दिवस?" हे तोंडाला बसलेलं वाक्य आहे, ते मन दुसरीकडे असतानाही निघतं. दुसरा प्रश्न मात्र पहिल्याचं उत्तर ऐकल्याशिवाय निघूच शकत नाही. "बरा गेला, पण साहेब जरा तिरकस बोलले." "काय बोलले?" हे "काय बोलले" सवयीने येत नाही. जोडीदार दूर जाऊ लागला की आधी हा दुसरा प्रश्न जातो, आणि मग बरेच महिने पहिला एकटाच राहतो. त्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते : कालच्या उत्तराची आठवण. "तुझ्या त्या मित्राच्या वडिलांचं ऑपरेशन आज होतं ना?" असं आपणहून विचारणं बंद होतं. सांगितलेलं ऐकलेलं असतं, पण साठवलेलं नसतं.

दिवसभराच्या गप्पांना मी इतकं महत्त्व का देते, असं कुणी विचारील. अमेरिकेत जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हेन्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली ७९ जोडप्यांपासून एक अभ्यास सुरू केला आणि १४ वर्षं त्यांचा मागोवा घेतला. जोडप्यांनी किमान आठ तास एकमेकांपासून दूर राहून प्रयोगशाळेत यायचं आणि आधी पंधरा मिनिटं फक्त दिवस कसा गेला यावर बोलायचं. मग मतभेदाच्या विषयावर. २००० साली त्यांनी जे निष्कर्ष मांडले ते माझ्या खोलीत मला रोज दिसतात. जी लग्नं लवकर मोडली, म्हणजे सरासरी सातेक वर्षांत, त्यांचा अंदाज भांडणातल्या कडवटपणावरून येत होता. पण जी उशिरा मोडली, चौदा वर्षांच्या आसपास, त्यांच्यात तो कडवटपणा उठून दिसत नव्हता. तिथे उणीव होती ती दिवसभराच्या साध्या गप्पांत आणि मतभेदाच्या बोलण्यातही आपुलकीची, रस घेण्याची, हसण्याची. आपल्याकडे घरात भांडण नाही म्हणजे संसार सुरळीत, असं धरून चालतात. पहिल्या काही वर्षांपुरतं ते ठीक असेल. बाराव्या वर्षी भांडणाचा अभाव काहीच सांगत नाही.

उलट, कधीकधी तोच सर्वांत मोठा इशारा असतो. या गृहस्थाने जाता जाता मला एक चांगली बातमी म्हणून सांगितलं, "भांडणं तर आमची बंदच झालीत. पूर्वी रविवारी मी लॅपटॉप उघडला की ती चिडायची. आता काही म्हणत नाही." कधीपासून? गणपतीपासून असेल, तो म्हणाला. म्हणजे पाच-सहा महिने. तक्रार करणाऱ्या माणसाला अजून काही बदलेल अशी आशा असते. ती आशा सोडल्यावर तक्रार कशासाठी करायची? त्याला जी शांतता वाटत होती तिने माझी काळजी वाढवली.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, नाहीतर माझं बोलणं ऐकून आज रात्री घरोघरी प्रश्न मोजले जातील. जास्त बोलणारी जोडपी जवळची आणि कमी बोलणारी लांबची, असं मुळीच नाही. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत थोरांसमोर नवरा-बायको एकमेकांशी बोलतच नसत. रमाबाई रानड्यांचं १९१० साली प्रसिद्ध झालेलं आत्मकथन वाचलेल्यांना ठाऊक असेल, माधवराव त्यांना स्वतः शिकवीत आणि घरातल्या मोठ्या बायकांना ते अजिबात रुचत नव्हतं. अशा घरात शब्द मोजून काय हाती लागणार? आजही कितीतरी माणसं अशी आहेत जी विचारत नाहीत, पण बायकोला पित्ताचा त्रास होतो हे लक्षात ठेवून न सांगता आमसुलं आणून ठेवतात. हेही कुतूहलच आहे, कृतीतलं. म्हणून एका जोडप्याची तुलना दुसऱ्या जोडप्याशी कधी करू नये. ज्या घरात कधीच प्रश्न नव्हते तिथे प्रश्न नसणं ही काही बातमी नव्हे. तुलना करायची ती त्याच दोघांच्या आधीच्या काळाशी. पूर्वी काय होतं, आणि आता काय नाही?

दुसरी सावधगिरी याहून महत्त्वाची. कुतूहल आटण्याची कारणं अनेक असतात आणि त्यातली सगळी नात्यातली नसतात. नैराश्याच्या आजारात माणसाचा सगळ्यातलाच रस जातो. थायरॉईड मंदावलं की बाई दिवसभर थकलेली, विसराळू होते आणि घरचे म्हणतात, हिचं लक्ष नाही. बाळंतपणानंतरचे महिने, आईवडिलांपैकी कुणी गेल्यानंतरचे महिने, नोकरी गेल्याचं लपवून ठेवलेले महिने, या सगळ्यांत माणूस आतल्या आत मिटतो. म्हणून मी पहिल्याच भेटीत विचारते : ते कुतूहल कुठे तरी जिवंत आहे का? झोप, भूक, मैत्रिणी, मालिका, मुलं, सगळंच फिकं झालं असेल तर आधी डॉक्टरकडे जा, माझ्याकडे नंतर या. मी या गृहस्थाला हेच विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बहिणीशी फोनवर बोलते तेव्हा हसते. तिच्या सासूच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल अर्धा तास विचारत होती. फिजिओवाला किती वाजता येतो, इथपर्यंत." म्हणजे विचारण्याची शक्ती शाबूत होती. ती फक्त त्याच्या दिशेने येत नव्हती.

आणि ज्याला जाणवतंय त्यालाही एकदा तपासावं लागतं. काही माणसांना प्रत्येक नात्यात, पहिल्या दिवसापासून, समोरचा सोडून जाणार अशी धास्ती असते. त्यांना एक दिवस सांगा म्हटलं की दिवस सांगता येत नाही, नुसतं "जाणवतं" म्हणतात, किंवा दर आठवड्याला निराळा पुरावा आणतात. तिथे काम त्या धास्तीवर करायचं असतं. ज्याचं जाणवणं खरं असतं तो बहुधा या गृहस्थासारखा बोलतो : एक दिवस, एक ताट, न आलेला एक प्रश्न, आणि पूर्वी तो यायचा याची ठाम आठवण.

पण खऱ्या जाणवण्यालाही मर्यादा आहे, आणि मला वाटतं सगळा घोळ इथेच होतो. काहीतरी बदललंय हे माणूस अचूक ओळखतो. का बदललंय, हे ओळखण्यात तो फार कच्चा असतो, आणि लग्न जितकं जुनं तितका जास्त कच्चा. १९९७ साली न्यूझीलंडमधल्या काही संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. जोडप्यांचं बोलणं चित्रित करायचं, मग ते प्रत्येकाला वेगळं दाखवायचं आणि विचारायचं : या क्षणी तुमच्या मनात काय होतं, आणि जोडीदाराच्या मनात काय असेल? ज्यांच्या लग्नाला जास्त वर्षं झाली होती त्यांचे अंदाज जास्त चुकले. कारण ते समोरच्याकडे पाहत नव्हते, आपल्या डोक्यातल्या जुन्या ओळखीकडे पाहत होते. "मी ओळखून आहे तिला" असं म्हणणारा माणूस माझ्यासमोर बसला की मी सावध होते.

आमच्या या गृहस्थानेही कारण ठरवून टाकलं होतं. बँकेतला एक सहकारी. आधार काय, तर तो तिला दोनदा स्टेशनवर सोडायला आला होता. मग त्याने सगळे जे करतात तेच केलं. रोज रात्री विचारायला लागला, "काय झालंय तुला?" उत्तर यायचं, "काही नाही." तो पुन्हा विचारायचा, ती आणखी आक्रसायची. एकाने मागे लागायचं आणि दुसऱ्याने मागे सरायचं, हे चक्र विवाहशास्त्रात सर्वांत जास्त अभ्यासल्या गेलेल्यांपैकी एक आहे, आणि त्यात दोघांनाही मनापासून वाटत असतं की सुरुवात समोरच्याने केली. मग त्याने व्हॉट्सअॅपवर ती शेवटची केव्हा दिसली ते पाहायला सुरुवात केली. शेवटी त्याने परीक्षा घेतली : चार दिवस स्वतःहून एक शब्द बोलायचा नाही, बघू तिच्या लक्षात येतं का. ती काहीच बोलली नाही. त्याच्या मते निकाल लागला.

पुढे ती स्वतंत्रपणे येऊन भेटली तेव्हा मी तिला त्या चार दिवसांबद्दल विचारलं. "आलं की लक्षात," ती म्हणाली. "वाटलं कामाचा ताण असेल. त्रास द्यायला नको म्हणून गप्प राहिले." परीक्षा अशी काढली होती की तीत फक्त कुतूहल असलेल्या माणसालाच पास होता आलं असतं, आणि कुतूहल उरलं नाही हीच तर त्याची तक्रार होती. अशा परीक्षेतून नवीन काही कळत नाही. आणखी चार दिवस तेवढे जातात.

आता तिची बाजू. दोन वर्षांपूर्वी तिने बँकेतल्या बढतीची परीक्षा दिली होती. मुलीला झोपवून रात्री अकरा ते एक अभ्यास. लेखी पास झाली, मुलाखत झाली. मुलाखतीत एका बुडीत कर्जाच्या फाइलवर प्रश्न आला आणि तिने समितीतल्या वरिष्ठांचं म्हणणं चूक आहे असं शांतपणे दाखवून दिलं. ते बरोबर केलं की अंगाशी येणार, हे तिला कळत नव्हतं आणि कुणाशी तरी बोलायचं होतं. घरी आली. त्याने विचारलं, "झाली का मुलाखत? चला, सुटलीस एकदाची." आणि तो फोनकडे वळला. महिन्याने निकाल लागला, तिचं नाव नव्हतं. तो म्हणाला, "जाऊ दे गं, पुढच्या वेळी." तिला त्याच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काही ऐकू आलं, कारण बढती म्हणजे बदली. ते खरं आहे का, हे तिने विचारलं नाही.

"तेव्हापासून मी सांगणं कमी केलं," ती म्हणाली. "मग विचारणंही कमी झालं. ठरवून नाही हं, मॅडम."

ते "ठरवून नाही" मी खरं मानते. दूर जाणारा माणूस फसवत असतो असं आपण धरतो, पण सुरुवातीला त्याचं त्यालाही स्पष्ट नसतं. डायान व्हॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विभक्त होत गेलेल्या १०३ जणांच्या मुलाखती घेऊन १९८६ साली एक पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते ही वाट एका गुपितापासून सुरू होते, आणि गुपित म्हणजे प्रेमप्रकरण नव्हे. एकाला काहीतरी खुपतं आणि तो ते एकटाच मनात घोळवत राहतो, एवढंच ते गुपित. मग सूचक बोलणं, चिडचिड, तक्रारी. त्या वाया गेल्या की सांगण्यासारखं दुसरीकडे सांगितलं जाऊ लागतं : बहिणीला, मैत्रिणीला, सहकाऱ्याला. आमच्या बाईंनी त्या मुलाखतीची गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगितली ती याच सहकाऱ्याला. त्याने विचारलं होतं, "मग ते काय म्हणाले?" एवढंच. त्याच्याशी तिचं दुसरं काही नव्हतं, आणि हे मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवून म्हणते आहे. पण घरात न आलेला दुसरा प्रश्न तिला तिथे मिळाला होता, हे नवऱ्याच्या संशयापेक्षा जास्त विचार करण्यासारखं आहे.

दोघांच्या घड्याळांतलं अंतर बघा. ती दोन वर्षांपूर्वी निघाली होती, त्याला कळलं आत्ता. त्याच्या दृष्टीने गोष्ट ऑडिटच्या रात्री सुरू होते, तिच्या दृष्टीने मुलाखतीच्या संध्याकाळी. दोन्ही प्रसंग जवळपास सारखेच आहेत, फक्त खुर्च्या बदलल्या आहेत. ज्याला आज प्रश्न येत नाहीत त्याने पूर्वी केव्हातरी विचारणं थांबवलेलं होतं, असं नेहमीच असतं असा नियम मी करणार नाही. काही माणसं खरोखरच दुसऱ्याच्या प्रेमात पडून जातात, काही केवळ कंटाळून जातात, आणि मागे राहिलेल्याचा त्यात काही हात नसतो. पण ज्या घरांत "तसं काही झालेलं नाही" असं म्हटलं जातं, तिथे मागे जाऊन पाहिलं की मला बरेचदा अशी एखादी संध्याकाळ सापडते.

हे मला तिच्याकडून कळायच्या आधी, त्याच्याच दुसऱ्या भेटीत मी त्याला विचारलं, "तिच्या बँकेत सध्या काय चाललंय?" तो म्हणाला, मार्चअखेरची गडबड असणार. तिचा शाखाधिकारी कोण? नाव आठवेना. आधीचा आठवला, तो बदलून दीड वर्ष झालं होतं. तो एकदम गप्प झाला. मी पुढे काही बोलले नाही, गरज नव्हती.

त्यानंतर आम्ही एका वाक्यावर काम केलं. दूर चाललेल्या माणसाशी बोलायचं कसं, याला तंत्र आहे, आणि ते वाक्याच्या बांधणीत आहे. त्याचा पहिला मसुदा होता, "तुला माझी काही पडलेलीच नाही." यावर समोरचा फक्त नाकारू शकतो. दुसरा होता, "तू हल्ली बदललीयस." यावर "तू नाही बदललास?" हे उत्तर तयारच असतं. तिसरा मसुदा बराच वेळ घेऊन झाला : "ऑडिटच्या दिवशी मी आलो तेव्हा तू काही विचारलं नाहीस. पूर्वी विचारायचीस. मला ते हवंहवंसं वाटतं. आणि तुझ्याकडे काय चाललंय हे मलाही माहीत नाही, हे परवा माझ्या लक्षात आलं." यात एक ठरावीक दिवस आहे, त्यामुळे वाद घालायला जागा कमी. कारण काय असेल याचा अंदाज नाही, म्हणून आरोपही नाही. त्या सहकाऱ्याचं नाव तर नाहीच. तिने काहीही उत्तर दिलं तरी स्वतःची बाजू मांडायची नाही, एवढं एकच पथ्य मी घातलं. वेळ त्याने निवडली : शनिवारी सकाळी, मुलगी चित्रकलेच्या क्लासला आणि आई देवळात गेलेली असताना.

ती मेथी निवडत होती. त्याने वाक्य म्हटलं. ती बराच वेळ काड्या आणि पानं वेगळी करत राहिली आणि मग म्हणाली, "तुला आत्ता कळलं?"

त्याला राग आला, हे त्याने मला प्रामाणिकपणे सांगितलं. बारा वर्षं आपण कुणासाठी राबतो, हे ओठांवर आलं होतं. पण त्याने विचारलं, "आत्ता म्हणजे? कधीपासून?"

त्यावर मुलाखतीची गोष्ट बाहेर आली, दोन वर्षं उशिरा. त्याने ती पूर्ण ऐकली, मधे विचारलं की त्या वरिष्ठांचं नेमकं काय चुकलं होतं, आणि तिने कर्जाच्या तारणाचा हिशेब त्याला समजावून सांगितला. शेवटी तिने विचारलं, मी नापास झाले तेव्हा तुला बरं वाटलं का? तो हो म्हणाला. बदली झाली असती तर आईचं आणि मुलीचं कसं होणार, याने तो धास्तावला होता. हे उत्तर तिला लागलं. पुढचे दोन आठवडे घरात आधीपेक्षा जास्त ताण होता आणि त्याचा मला फोन आला की बोलून चूक केली का? ज्यांनी असं बोलणं उघडलं त्या बहुतेक घरांत हा काळ येतो. आधी होती ती शांतता दोघांपैकी एकाने मनातून बाहेर पडून विकत घेतलेली होती. आता दोघंही खोलीत आहेत, तर आवाज होणारच.

पुढे दोघं एकत्र येऊ लागले. मी त्यांना घरी एकच काम दिलं : रात्रीच्या जेवणानंतर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, एकाने दिवसातली एक गोष्ट सांगायची आणि दुसऱ्याने त्यावर प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही, "मग तू असं करायला हवं होतंस" म्हणायचं नाही. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. पहिल्या काही रात्री हे फार कृत्रिम झालं. तो तर ऑडिटरसारखेच प्रश्न विचारत होता, असं ती म्हणाली, आणि माझ्या खोलीत ती पहिल्यांदा हसली. हळूहळू त्याला तिच्या शाखेतली माणसं कळू लागली. त्या सहकाऱ्याला एकदा घरी जेवायला बोलवावं, असं त्यानेच सुचवलं.

सगळीकडे असं होत नाही. कित्येकदा तिसऱ्या मसुद्यासारखं वाक्य बोललं जातं आणि समोरून उत्तर येतं, "हो. मी मनातून निघाले आहे, आणि मला परत यायचं नाही." ते उत्तर ऐकायला फार जड असतं. पण ते तेव्हा येतं जेव्हा दोघं अजून एकमेकांशी सभ्यपणे बोलू शकतात. परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी कायद्याला दोघांचं वर्षभर वेगळं राहणं लागतं. त्या वर्षात मुलं कुठे राहणार, कर्जाचे हप्ते कोण भरणार, म्हाताऱ्या आईला काय सांगायचं, हे दोन माणसांनी बसून ठरवणं आणि दोन वकिलांनी पत्रांतून ठरवणं यातला फरक मी अनेकदा जवळून पाहिला आहे. ज्या घरात वेळेवर विचारलं जातं, तिथे शेवट वाईट झाला तरी मुलांना त्याची झळ कमी पोचते.

चिंचवडच्या त्या दोघांचं काय होईल, हे अजून ठरलेलं नाही. ती मागच्या भेटीत म्हणाली, "आता तो विचारतो. मी अजून सगळं सांगत नाही. किती सांगायचं ते मी ठरवते आहे." तो शेजारीच बसला होता आणि त्याने ते ऐकून घेतलं. तिने बढतीची परीक्षा पुन्हा दिली आहे आणि या वेळी लेखीबरोबर मुलाखतही चांगली झाली आहे. बदली बहुधा साताऱ्याला होईल. जायचं की नाही, गेली तर मुलगी कुणाकडे राहणार, आईंसाठी बाई ठेवायची का, आणि तो शनिवार-रविवार तिकडे जाणार की ती इकडे येणार, यावर त्यांचं बोलणं चालू आहे, आणि यातले बरेच प्रश्न त्याने स्वतः वहीत लिहून आणले होते.